काउन्सेलरकडे पोचायला घरात वर्ष का जातं? लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी गेली बरीच वर्षं दक्षिण महाराष्ट्रात एका छोट्या शहरात काउन्सेलिंग करते. पहिल्या सेशनला मी एक प्रश्न सगळ्यांना विचारते, "हे सुरू कधी झालं?" आणि लगेच दुसरा, "मग इथं यायचं कधी ठरलं?" ह्या दोन उत्तरांमधे कुणाचे आठ महिने असतात, कुणाची चार वर्षं. त्या मधल्या काळात काय होतं त्याबद्दल हे सगळं लिहिलंय, कारण तेच प्रश्न परत परत येतात.

लोक उशीर करतात ते माहिती नसते म्हणून ना?

थोडंफार. पण मला आता असं वाटत नाही की तेच मुख्य कारण आहे. आजकाल मोबाईलवर डिप्रेशन, एंग्झायटी हे शब्द सगळ्यांनी ऐकलेत. बारावीतली मुलं मला सांगतात की मॅडम मला एंग्झायटी आहे. तरी उशीर होतोच.

माझं मत असंय की आपल्याकडे दवाखान्यात जायचं हा निर्णय आजारी माणूस एकटा घेतच नाही. ताप आला तरी आई म्हणते थांब दोन दिवस, मग वडील म्हणतात अमक्या डॉक्टरकडे ने, मग आत्याचा फोन येतो की तो डॉक्टर नको. मनाच्या बाबतीत तर हे अजून जास्त. घरातला प्रत्येक माणूस त्याच्या परीने एक उपाय सुचवतो, तो उपाय करून बघायला दोन-तीन महिने जातात, मग पुढचा. कुणी वाईट नसतं, कुणी मुद्दाम अडवत नसतं, पण रांग लागते उपायांची आणि काउन्सेलर त्या रांगेत सगळ्यात शेवटी उभा असतो.

बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मनाच्या आजारांच्या मोठ्या सरकारी संस्थेने २०१५-१६ मधे बारा राज्यांत मोठा सर्व्हे केला होता. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता हे आधीच सांगते, पण आपलं चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. त्यात दिसलं की डिप्रेशन, एंग्झायटी अशा नेहमीच्या त्रासांत शंभरातल्या जवळपास ८५ लोकांना काहीच उपचार मिळत नव्हते. आता ह्यात डॉक्टर कमी, अंतर जास्त, पैसे नाहीत ही कारणं आहेतच, ती खोटी नाहीत. पण माझ्या शहरात माझी खोली बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आहे, तरी लोक वर्षाने येतात. ती दहा मिनिटं चालायला वर्ष का लागतं त्याबद्दल मी बोलतेय.

एखादं खरं उदाहरण सांगाल का, म्हणजे कळेल नेमका वेळ कुठे जातो?

सांगते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांच्या गोष्टी एकत्र केल्यात, नाव पण बदललंय. तिला स्मिता म्हणू. वय ३१, घर इचलकरंजीकडचं, नवऱ्याचे लूम, मुलगा पहिलीत, घरात सासू-सासरे आणि लग्नाची नणंद. स्मिता संध्याकाळी घरी ट्यूशन घ्यायची, आठ-दहा मुलं.

दिवाळी झाली आणि नोव्हेंबरमधे एक दिवस बसमधे तिला एकदम धडधडायला लागलं, हात गार, श्वास पुरेना, वाटलं आता मी जाते. पंधरा-वीस मिनिटांत कमी झालं. पण त्यानंतर पहाटे तीनला जाग यायला लागली आणि परत तसंच होईल ही भीती बसली.

पहिले तीन महिने फॅमिली डॉक्टरकडे गेले. अॅसिडिटीची गोळी, बी कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं, मग रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, मग कोल्हापूरला नेऊन ईसीजी आणि टूडी एको. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "काही नाहीये, टेन्शन घेऊ नका." घरी येताना नवरा म्हणाला, बघ काही नाहीये, उगाच पाच हजार गेले. आता ह्या "काही नाहीये" चा घरात अर्थ काय झाला माहितीये का, की हिला काही झालेलंच नाही, ही नाटक करतीय किंवा हिला काम नकोय. तसं तोंडावर कुणी म्हणालं नाही पण तिला ते कळत होतं.

फेब्रुवारीत माहेरी पाठवलं, हवापालट. आठ दिवस बरं वाटलं, मग तिथंपण रात्री तसंच. आई घाबरली, तिने जावयाला फोन केला की घेऊन जा, इथं लोक विचारतात.

मार्चमधे सासूबाईंच्या बहिणीने सांगितलं की हे बाहेरचं आहे, कुणाची तरी नजर आहे, तीन अमावस्या करा. तीन अमावस्या म्हणजे तीन महिने. नारळ, लिंबू, उतारा, अंगारा. कुणी तिला त्रास दिला नाही, उलट सासूबाई उपास करायच्या तिच्यासाठी. ती मला म्हणाली होती की त्या तीन महिन्यांत मला घरच्यांनी सगळ्यात जास्त विचारलं, बरी आहेस का म्हणून. हे वाक्य मी विसरत नाही.

जूनमधे स्मितानेच नवऱ्याला म्हटलं की आपण मानसोपचारवाल्यांकडे जाऊया का. तेव्हा नणंदेला स्थळं बघणं चालू होतं. सासरे म्हणाले, एवढं लग्न होऊन जाऊ दे, आत्ता कुणाला कळलं तर पोरीचं काय. स्मितालापण ते पटलं. लग्न ठरलं, तुळशीचं लग्न झाल्यावरची तारीख धरली, झालं. डिसेंबरमधे ती माझ्याकडे आली, म्हणजे तेरा महिने झाले होते.

हिशोब बघा. तीन महिने शरीराच्या तपासण्या, एक महिना माहेर, तीन महिने अमावस्या, सहा महिने नणंदेचं लग्न. ह्यात एकही पायरी वेडेपणाची नाही, प्रत्येक वेळी घराने त्यांना जे माहिती होतं ते केलं.

पण तेरा महिन्यांनी आली तरी आली ना, उशिराने एवढं काय बिघडतं?

स्मिताचं काय बिघडलं ते सांगते. ज्या बसमधे पहिल्यांदा झालं ती बस तिने बंद केली, साहजिक आहे. मग सगळ्याच बस बंद. मग बाजार, कारण गर्दीत झालं तर. मग मुलाच्या शाळेतली मीटिंग. मे महिन्यात ट्यूशन बंद केली कारण मुलांसमोर झालं तर इज्जत जाईल. सप्टेंबरमधे ती घरात एकटी थांबू शकत नव्हती, नवऱ्याला लूम सोडून यावं लागायचं.

एंग्झायटीचं गणित असं असतं की जी गोष्ट टाळली तिथे त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि तेच सुटल्यासारखं वाटणं मेंदूला शिकवतं की ती जागा खरंच धोक्याची होती. म्हणून टाळायची यादी आपोआप वाढत जाते, काही वेगळं घडावं लागत नाही. पहिल्या महिन्यात आली असती तर आम्हाला एक बस परत सुरू करायची होती, तेराव्या महिन्यात अख्खा दिवस परत उभा करायचा होता. दुसरं म्हणजे तोपर्यंत घरात सगळ्यांच्या जागा ठरून गेल्या होत्या, ती "आजारी" आणि बाकीचे "सांभाळणारे", आणि ते मोडायला वेगळं काम करावं लागलं.

मनाचा त्रास असून लोक आधी पोटाचा, छातीचा डॉक्टर का गाठतात?

कारण त्रास खरंच पोटात आणि छातीत होतो. हे नाटक नसतं. भीतीमधे हृदय जोरात धावतं, श्वास उथळ होतो म्हणून हातापायाला मुंग्या येतात, पोट बिघडतं, मान-पाठ आखडते. आपल्याकडे लोक "मला उदास वाटतं" असं सहसा म्हणत नाहीत, म्हणतात अंगात ताकद नाही, डोकं जड आहे, जीव घाबरा होतो, जेवण गोड लागत नाही. ती आपली भाषा आहे, त्यात चूक काही नाही.

आणि अजून एक. अंगदुखीला घरात सहानुभूती मिळते, चहा मिळतो, आराम मिळतो. उदासीला "मनाला लावून घेऊ नकोस" मिळतं. मग माणूस नकळत तीच तक्रार सांगतो जी ऐकली जाते.

तपासण्या करू नका असं मी मुळीच म्हणत नाही. थायरॉईड बिघडला, रक्त कमी असलं, बी१२ कमी असलं तरी असाच थकवा आणि धडधड होऊ शकते, छातीत दुखलं तर हृदय बघायलाच पाहिजे. एकदा नीट तपासा. पण रिपोर्ट नॉर्मल आले तर त्याचा अर्थ "हृदय चांगलं आहे, आता दुसरीकडे बघूया" असा घ्यायचा. तेच रिपोर्ट तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे परत काढले जात असतील तर समजा की गाडी अडकलीय. डॉक्टरलाच सरळ विचारा, "हे टेन्शनमुळे असेल तर मी कुणाकडे जाऊ?" हा प्रश्न बऱ्याचदा कुणी विचारतच नाही.

काउन्सेलरकडे गेलं म्हणजे वेडं ठरलं, हे अजून लोक मानतात?

तोंडाने कमी, पोटातून बरेच. आपण लहानपणापासून ऐकलंय ना, "येरवड्याला पाठवीन", "ठाण्याला भरती करा ह्याला". महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार मोठी सरकारी मनोरुग्णालयं आहेत आणि त्या गावांची नावंच शिवीसारखी वापरली गेली. त्यामुळे मनाचा दवाखाना म्हटलं की डोळ्यासमोर उंच भिंत आणि गज येतात. आणि मधे काही आहे हे दिसतच नाही, एकतर माणूस ठणठणीत नाहीतर येरवडा.

प्रत्यक्षात मधेच बहुतेक सगळं आहे. काउन्सेलर बोलून काम करतो, गोळ्या देत नाही, द्यायचा अधिकारही नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं शिक्षण जास्त असतं, टेस्ट आणि थेरपी करतात, त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे असते. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, औषधं तोच देतो. एक सावधगिरी, "काउन्सेलर" ही पाटी आज जवळपास कुणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण काय, कुणाच्या हाताखाली काम केलंय हे बिनधास्त विचारा. चांगला माणूस रागावत नाही.

"लोक काय म्हणतील" मधले हे लोक नेमके कोण?

मी हे खरंच विचारते सेशनमधे. यादी काढायला लावते. बहुतेक वेळा पंधरा नावं पण होत नाहीत. मोठी जाऊ, शेजारची काकू, सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, आणि सगळ्यात वर, मुलीला बघायला येणारे लोक.

इथे आपल्याकडची खास गोष्ट लक्षात घ्या. डाग एकट्या माणसाला लागत नाही, घराला लागतो अशी समजूत आहे. "त्यांच्या घरात आहे तसलं काहीतरी" हे एक वाक्य बहिणीच्या, नणंदेच्या, चुलत भावाच्या सुद्धा स्थळाला आडवं येतं. म्हणून स्मिताचे सासरे तिच्यावर चिडलेले नव्हते, ते मुलीची काळजी करत होते, आणि ती भीती काल्पनिक नाही, स्थळं खरंच मोडतात. तुम्ही घरी जाऊन "तुम्ही मागासलेले आहात" म्हणालात तर दार बंद होईल, कारण त्यांना वाटेल ह्याला घराची काही पडलेलीच नाही. त्यापेक्षा असं बोला की बाहेर न कळता जाता येतं, आणि लग्नघरात पाहुण्यांसमोर हिला असा भीतीचा अॅटॅक आला तर मात्र सगळ्यांना कळेल. स्मिताच्या बाबतीत नणंदेच्या हळदीच्या दिवशी तेच झालं, आणि पन्नास माणसांनी बघितलं.

देवऋषी, अंगारा, दर्गा, हे बंद करायचं का आधी?

माझं उत्तर काही लोकांना आवडत नाही. मी बंद करा म्हणत नाही. ज्या घराला वाटतं की हे बाहेरचं आहे त्यांना मी अर्धा तास वाद घालून पटवलं तरी ते परत येणार नाहीत, आणि पेशंट मधल्यामधे अडकेल. मी म्हणते अंगारा लावा, अमावस्या करा, पण त्याच आठवड्यात इथे पण या. दोन्ही चालू ठेवा. शिवाय स्मिताला त्या तीन महिन्यांत घरच्यांचं लक्ष मिळालं हे मी बघितलंय, ते काढून घेऊन मी काय साधणार.

पण सीमा आहेत आणि तिथे मी ठाम आहे. भूत काढायच्या नावाखाली मारहाण, साखळदंडाने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. चालू असलेल्या गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही. पैसे मागण्याचा आकडा दर वेळी वाढत असेल तर निघायचं. आणि "तीन अमावस्या होईपर्यंत डॉक्टरकडे जायचं नाही" अशी अट घातली तर तिथे उठायचं.

घरचे म्हणतात लग्न करून द्या, सगळं ठीक होईल. होतं का?

नाही. हे मी जेवढं स्पष्ट लिहू शकते तेवढं लिहितेय. लग्न म्हणजे नवीन घर, नवीन माणसं, झोप कमी, जबाबदारी जास्त, म्हणजे आधीच दमलेल्या मनावर अजून ओझं. आणि लपवून केलं तर ती मुलगी किंवा मुलगा सासरी गोळ्या लपवून घेतो, मग बंदच करतो, आणि सहा महिन्यांत परत आजारी. मग दोन घरं कोर्टात. "मूल झालं की रमेल" हा त्याचाच पुढचा भाग, आणि बाळंतपणानंतरचा काळ तर मनाच्या आजाराला जास्तच नाजूक असतो.

ह्या समजुतीमागे एक भाबडी आशा असते हे मला समजतं, आईबापांना वाटतं आपल्यामागे कुणीतरी बघायला असावं. पण आधी उपचार, थोडं स्थिर होऊ द्या, मग समोरच्याला सांगून लग्न. सांगून केलेली लग्नं टिकलेली मी पाहिलीत.

पुरुष तर येतच नाहीत, असं का?

येतात, पण दुसऱ्या दाराने. दारूसाठी बायको घेऊन येते, नाहीतर बीपी वाढलं म्हणून डॉक्टर पाठवतो. "कर्ता माणूस आहे, तोच खचला तर घराचं काय" हे त्याच्या डोक्यात असतं. चिडचिड, गाडी जोरात चालवणं, रात्री उशिरापर्यंत दुकानातच बसून राहणं ही पुष्कळदा पुरुषांमधल्या उदासीचीच रूपं असतात, पण घरात त्याला स्वभाव म्हणतात.

रेकॉर्डवर येईल का? नोकरी, पोलीस भरती, व्हिसा?

काउन्सेलरकडे गेल्याची कुठे सरकारी यादी होत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २०१८ पासून लागू झाला, त्यात मानसिक आजाराच्या रुग्णाला गुप्ततेचा हक्क आहे. तुमच्या ऑफिसला, शेजाऱ्याला फोन करून विचारता येणार नाही. गुप्तता मोडायची वेळ येते ती जिवाला धोका असेल तेव्हा किंवा कोर्टाने मागितलं तर, आणि चांगला काउन्सेलर हे पहिल्याच दिवशी सांगतो. सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. अर्थात एखाद्या फॉर्मवर सरळ प्रश्न असेल, तुम्हाला अमुक आजारावर उपचार चालू आहेत का, तर तिथे खोटं लिहू नका.

खरी गळती वेगळीच असते, वेटिंग रूम. छोट्या गावात तिथे ओळखीचं भेटतं. म्हणून माझ्याकडे दुपारी दोन ते चारच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा रस्ता रिकामा असतो. तुम्ही पण अशी वेळ मागून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घरी न सांगता गेलं तर चालेल का?

अठरा वर्षं पूर्ण असतील तर तुमचा निर्णय आहे. खालची मुलं असतील तर पालकांना सोबत घ्यावं लागतं, शाळेत काउन्सेलर असतील तर तिथून सुरुवात सोपी पडते. ऑनलाईन सेशनचा पर्याय आहे पण दोन खोल्यांच्या घरात एकांत कुठे मिळणार, माझे काही क्लायंट गच्चीवरून बोलतात, एक जण पार्क केलेल्या रिक्षात बसून बोलायचा. चालतं. फक्त एवढं की न सांगता किती दिवस ओढायचं ते काउन्सेलरशी बोलून ठरवा, कारण फी, वेळ, बाहेर जाण्याची कारणं ह्यांचं रोज खोटं रचायला लागलं तर त्याचंच टेन्शन होतं.

मग घरी सांगायचं कसं? शब्द सांगा.

"मला डिप्रेशन आहे" ने सुरुवात करू नका. तो शब्द घरात बॉम्बसारखा पडतो, आई म्हणते आमचं काय चुकलं, आणि पुढची तासभर चर्चा आईच्या संस्कारांवर होते. जे दिसतं ते सांगा. "आई, महिना झाला पहाटे तीनला उठतीय, जेवण जात नाही, कामात लक्ष नाही, रिपोर्ट नॉर्मल आहेत. टेन्शनवाल्या मॅडमकडे एकदा जाऊन येऊ का, तू पण चल." झोप, जेवण, काम ह्या तीन गोष्टी कुठल्याही घराला कळतात.

हे मी मनाने सांगत नाहीये. गोव्यातल्या संगात संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांमधे गावातल्याच साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन काउन्सेलर केलं, आणि त्यांनी लोकांशी बोलताना मोठे आजारांचे शब्द टाळून टेन्शन सारखे लोकांच्या तोंडातले शब्द वापरले. त्यांची सहा ते आठ भेटींची एक थेरपी डिप्रेशनवर उपयोगी पडते हे २०१७ मधे चाचणीतून छापून आलं.

दुसरं, घरात आधी कुणाला सांगायचं ते निवडा. नेहमी आईवडिलांनाच पहिलं असं नाही. कधी मामा, कधी मोठी वहिनी, कधी घरचा जुना फॅमिली डॉक्टर, ज्याचं घर ऐकतं तो. स्मिताच्या बाबतीत हळदीनंतर तिच्या चुलत जावेने तिला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि म्हणाली, "मी पण गेले होते दोन वर्षांपूर्वी, कुणाला सांगितलं नाही." तेरा महिन्यांत रिपोर्टनी, इंटरनेटने जे केलं नाही ते ह्या एका वाक्याने झालं. त्याच आठवड्यात फोन आला मला. जाऊबाईंनी ते वर्षभर आधी सांगितलं असतं तर, असं मला वाटून जातं, पण त्यांनाही तीच भीती होती.

तिसरं, एकाच भेटीची परवानगी मागा. "एकदा जाऊन बघू" ला घर हो म्हणतं, "थेरपी सुरू करायची" ला नाही म्हणतं.

नुसतं बोलायचे पैसे कशाला, ते तर मैत्रिणीशी पण बोलता येतं?

मैत्रिणीशी बोलाच. पण मैत्रीण दहा मिनिटांत सल्ला देते, कारण तिला तुमचा त्रास बघवत नाही. स्मिताबरोबर मी काय केलं ते सांगते. सुमारे पाऊण तासाचं सेशन, आठवड्याला एक. पहिल्या दोनमधे नुसतं समजून घेतलं आणि अॅटॅक म्हणजे काय, तो का चढतो आणि आपोआप का उतरतो हे कागदावर काढलं. मग टाळलेल्या गोष्टींची शिडी केली, खाली सगळ्यात सोपी, वर सगळ्यात अवघड. पहिली पायरी गल्लीच्या टोकापर्यंत एकटी जाऊन धडधड झाली तरी तिथेच थांबायचं, पळून यायचं नाही. नवऱ्याला दोनदा बोलवलं, त्याला सांगितलं की फोन आला की लूम सोडून धावत जाऊ नका, फोनवर थांबा. झोप फारच बिघडली होती म्हणून सायकियाट्रिस्टकडे पण पाठवलं, त्यांनी गोळी दिली. ह्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, आणि दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून लोक सोडतात, तिलाही सोडायची होती. अकराव्या सेशनला ती बसने आली. ट्यूशन अजून पूर्ण सुरू नाही, तीन मुलं येतात.

आणि हो, दोनदा जाऊन पटलं नाही तर काउन्सेलर बदला. "मी गेलो होतो, काही होत नाही" म्हणून कायमचं बंद करणारे पुष्कळ आहेत, पण एक शिंपी चुकला म्हणून आपण कपडे शिवायचे सोडत नाही.

खेड्यात हे बदलतं का खरंच? का नुसतं शहराचं आहे?

बदलतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम चालवला गेला, शेतकरी आत्महत्यांचा भाग तो. गावातलेच कार्यकर्ते घरोघर आणि छोट्या बैठकांत बोलायचे, ट्रेनिंग घेतलेले काउन्सेलर गावात यायचे, आणि जास्त त्रास असेल तर सायकियाट्रिस्ट. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरातले साधारण चार जण मदत घेत होते, ४.३ टक्के. दीड वर्षाने २७.२ टक्के. माणसं तीच, श्रद्धा त्याच, देव तेच. फरक एवढा पडला की विचारणारा माणूस ओळखीचा होता, त्रास त्यांच्या शब्दांत विचारला गेला आणि मदत चालत जाण्याइतकी जवळ आली. मला ह्यातून हेच दिसतं की लोक अडाणी आहेत म्हणून येत नाहीत हे आपण उगाच धरून बसलोय. तरी २७ म्हणजे ७३ बाकी राहिले, तेही खरं.

घरच्यांची वाट न बघता ताबडतोब जायचं असं कधी?

मरणाचे विचार येत असतील, कुणी "मी नसलेलंच बरं" असं बोलत असेल किंवा आवराआवर केल्यासारखं वागत असेल. दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही आणि तरी अंगात भलताच जोर. कानात आवाज येणं, कुणीतरी मारायला टपलंय असा पक्का संशय. बाळंतपणानंतर काही दिवसांत आई एकदम वेगळी वागायला लागणं. ह्यात कसलाच महिना थांबायचं नाही, आणि काउन्सेलर नाही, सायकियाट्रिस्ट किंवा सिव्हिल हॉस्पिटल. अशा माणसाला एकटं सोडू नका. घरात कीटकनाशक, गोळ्यांचा साठा असेल तर हलवा. आणि सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणसाला बोलायला जागा मिळते. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

अपॉइंटमेंट घेतली पण त्या दिवशी पायच निघाला नाही, आता परत फोन करायला लाज वाटते.

करा फोन. माझ्याकडे असे कित्येक जण आहेत जे पहिल्या तारखेला आलेच नाहीत. एक काका तर जिन्यापर्यंत येऊन तीनदा परत गेले होते, चौथ्यांदा त्यांच्या सूनबाई त्यांच्यासोबत पायरीवर दहा मिनिटं बसल्या आणि मग दोघं वर आले. फोनवर कारण सांगायची गरज नाही, "मागच्या वेळी जमलं नाही, आता कधीची वेळ आहे" एवढं पुरे. समोरून विचारणा होईल नाव काय आणि सकाळ हवी का दुपार.